शेजारी पाया खोदायला घेतला आहे: तड्यांची नोंद, पहिलं पत्र आणि जागेवरची भेट

आमच्या अमळनेरच्या जुन्या वस्तीत घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. मार्चमध्ये शेजारचं धाब्याचं घर पाडायला घेतलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे खड्डे सुरू झाले, आणि चार दिवसांत आमच्या माजघराच्या भिंतीवर तिरका तडा दिसला. मी कंत्राटदाराला बोलावून तो दाखवला. तो एकच वाक्य बोलला, "वहिनी, हाऊ तडा जुनाच शे." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या भिंतीचा आधीचा एकही फोटो माझ्याजवळ नव्हता.

पुढचे दोन महिने मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. शेजारी बांधकाम निघणार असल्याची कुणकुण लागली असेल तर पायरी १ आजच करा. खोदाई सुरू झाली असेल तरी तीच आधी करा, पत्र नंतर.

लागणाऱ्या वस्तू आणि कागद

- शंभर पानी वही, पेन्सिल, स्टीलची पट्टी, मोबाइल
- ओळंबा (कुठल्याही गवंड्याकडे मिळतो)
- काचेच्या पातळ पट्ट्या आणि इपॉक्सी, किंवा थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस
- घरपट्टीची पावती, मालमत्ता पत्रक म्हणजेच सिटी सर्व्हेचा उतारा
- घर बांधल्याचा किंवा वाढवल्याचा जुना कागद असेल तर तो

१. आधी घराची नोंद करा

प्रत्येक खोलीत दारापासून सुरुवात करून उजव्या हाताने फिरा आणि चारही भिंती, छत, फरशी यांचे फोटो घ्या. आधी पूर्ण भिंत, मग तडा जवळून. जवळच्या फोटोत तड्याशेजारी स्टीलची पट्टी धरा, नाहीतर तो केसाएवढा आहे की बोट जाईल एवढा हे कुणालाच कळत नाही. नसलेला तडाही नोंदवायचा असतो. म्हणजे धड भिंतीचेही फोटो घ्या. पुढे तिथे काही उमटलं तर तोच फोटो कामाला येतो.

प्रत्येक तड्याला नंबर द्या: त-१, त-२. तड्याचं टोक जिथे संपतं तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा. तडा लांबला तर रेघेच्या पुढे गेलेला दिसतो. रुंदी मोजण्यासाठी तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खूण करा आणि दर वेळी त्या दोन खुणांमधलंच अंतर मोजा. तड्याच्या कडा झडतात, खुणा झडत नाहीत.

मोजमाप रोज एकाच वेळी घ्या, सकाळी सातच्या सुमारास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि तापलेली भिंत थोडी हलते. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा यांची तुलना केलीत तर स्वतःचीच फसगत होईल.

तडा हलतो आहे का हे बघायची जुनी रीत म्हणजे त्याच्यावर आडवी काचपट्टी चिकटवणं. भिंत सरकली की काच तडकते. पण मी पहिली पट्टी रंगावरच चिकटवली होती. तिसऱ्या दिवशी रंगाचा पापुद्राच सुटून ती खाली पडली आणि त्या पडण्याला काही अर्थ उरला नाही. रंग आणि सैल गिलावा खरवडून विटेपर्यंत जा, जागा पुसून कोरडी करा, मग चिकटवा आणि काचेखाली तारीख लिहा.

शेवटचं काम ओळंब्याचं. खोदाईच्या बाजूच्या भिंतीला वर खिळा ठोकून ओळंबा सोडा. दोरी भिंतीपासून वर किती आणि खाली किती अंतरावर आहे ते लिहून ठेवा. भिंत बाहेर झुकू लागली तर तड्याच्या आधीसुद्धा हा फरक दिसू शकतो.

२. काळ्या मातीचा तडा कोणता, खड्ड्याचा कोणता

ही पायरी गाळू नका, कारण समोरचा माणूस याच मुद्द्यावर बोलणार आहे आणि काही तड्यांबाबत त्याचं म्हणणं खरंही असतं. खान्देशातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घातलेल्या घराला शेजारी कुणीही काही खोदलं नाही तरी एप्रिल-मे मध्ये तडे जातात. ते बहुतेक कोपऱ्यात, नंतर जोडलेल्या ओसरीच्या किंवा संडास-मोरीच्या सांध्यावर असतात आणि पाऊस लागला की बरेचसे मिटतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते सांगतील कोणता तडा दर उन्हाळ्यात उघडतो. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसासारख्या रेघा तर नुसत्या गिलाव्याच्या असतात.

खोदाईमुळे पाया खचला की तडा वेगळा दिसतो. तो खड्ड्याच्या बाजूला असतो, तिरका जातो, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या पायऱ्यांनी चढतो, आणि घराचं टोक खचत असेल तर बहुधा वर रुंद, खाली बारीक असतो. त्याच बाजूचं दार किंवा खिडकी अडकायला लागते. मुख्य म्हणजे तो खोदाईच्या तारखांबरोबर वाढतो आणि काम थांबलं की थांबतो. शंका असेल तर तड्यावरचा तळहाताएवढा गिलावा काढून बघा, की रेघ विटांच्या सांध्यात उतरली आहे की वरच्यावरच आहे.

आमच्या वहीत त-१ आणि त-२ हे ओसरीच्या सांध्यातले तडे होते. तिथला आकडा हलला नाही. ते जुनेच आहेत असं मी पत्रात स्वतःहून लिहिलं. त-३ हा माजघराचा. ११ एप्रिलला तो १ मिलिमीटर होता, २० एप्रिलला अडीच. मधल्या नऊ दिवसांत त्या भिंतीलगत दोन खड्डे पूर्ण खोलीपर्यंत गेले होते आणि माजघराचं दार १७ तारखेपासून खाली घासू लागलं होतं. जुने दोन कबूल केल्यामुळे तिसऱ्याबद्दलचं माझं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. सगळेच तडे शेजाऱ्याच्या माथी मारलेत तर खराही त्यात बुडतो.

३. खड्डा आपल्या पायाच्या किती जवळ आहे ते मोजा

आमच्या गल्लीत सात-आठ फूट काळी माती आहे, मग मुरूम लागतो. जुनी घरं चार फुटांवर, काळ्या मातीतच उभी आहेत. नवीन कॉलम मात्र मुरमात बसवावे लागतात, म्हणून त्यांचे खड्डे नऊ फूट जातात. म्हणजे आपल्या पायाखालची माती ज्या बाजूच्या मातीला टेकून उभी असते, ती बाजूच उघडी पडते. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण सावधगिरी घेतली नाही तर आपली माती त्या पोकळीकडे सरकते.

ढोबळ हिशेब असा करा. आपल्या पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली जाणारी तिरकी रेघ मनात काढा. खड्डा त्या रेघेच्या आत शिरला तर आधार दिल्याशिवाय तो खोदणं धोक्याचं. आमचा पाया ४ फूट, त्यांचा खड्डा ९ फूट, फरक ५ फूट. म्हणजे खड्डा आमच्या पायापासून निदान ५ फूट दूर हवा होता. तो होता अडीच फुटांवर. हा साधा नियम आहे, माती ओली किंवा भुसभुशीत असेल तर ५ फूटही कमी पडतात. पण पत्रात लिहायला आणि इंजिनिअरला विचारायला एवढा आकडा पुरतो.

आपला पाया किती खोल आहे हे ठाऊक नसेल तर आपल्याच हद्दीत, कोपरा सोडून, भिंतीलगत हातभर रुंद खड्डा गवंड्याकडून खणून बघा आणि मोजून लगेच बुजवा.

४. काय मागायचं ते ठरवा

"काळजी घ्या" असं लिहिलं तर उत्तर "घेतो" एवढंच येतं. कंत्राटदाराला मुकादमाला सांगता येईल अशा शब्दांत मागणं लिहा. आणि पहिल्या पत्रात पैसे मागू नका. भरपाईचा शब्द आला की समोरचा आधी वकिलाकडे जातो, आणि तोवर इकडे दोन खड्डे आणखी खोल झालेले असतात.

खोदाईसाठी: भिंतीलगतचे सगळे खड्डे एकदम उघडू नयेत, एक सोडून एक घ्यावेत, आणि एकात काँक्रीट होऊन भराव झाल्यावरच शेजारचा उघडावा. खड्ड्याच्या बाजूंना फळ्या आणि बल्ल्यांचा आधार द्यावा. खोदाईतल्या सुरक्षेसाठी आय.एस. ३७६४ हे भारतीय मानक आहे आणि दीड मीटरपेक्षा खोल चरांना आधार देण्याचं त्यात सांगितलं आहे. नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर, त्यामुळे त्यांच्या मजुरांच्या जिवासाठीसुद्धा तो हवाच. खोदलेली माती, खडी, सळईचे ढीग खड्ड्याच्या काठावर नकोत.

हादऱ्यांसाठी: भिंतीपासून पाच-सहा फुटांच्या पट्ट्यात ब्रेकर लावू नये, तिथलं काम छिन्नी-हातोड्याने किंवा कटरने करावं. हादऱ्याचा पुरावा अवघड असतो, म्हणून वेळ लिहा. आमच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागले की मी वहीत वेळ टाकायची आणि खिडकीतून बघायची की कोणतं यंत्र चालू आहे. सहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या, अकराही वेळा ब्रेकर आमच्या भिंतीजवळ होता. पोकलेन लांब होतं तेव्हा पेले गप्प असायचे.

जुन्या वस्तीतल्या दोन गोष्टी कुणी सांगत नाही, त्या मी सांगते. शेजारच्या धाब्याच्या तुळया सामाईक भिंतीत शिरलेल्या असतात. घर पाडताना त्या ओढून काढल्या तर भिंत मुळापासून हादरते. त्या भिंतीलगत करवतीने कापायला सांगा आणि भिंतीतले तुकडे नंतर एकेक काढून लगेच वीट-सिमेंटने भोक बुजवायला सांगा. दुसरी गोष्ट, जी भिंत साठ वर्षं दोन घरांच्या मध्ये कोरडी होती ती आता उघडी पडते. आतले सांधे मातीचेच असतात, त्यांना पाऊस सोसत नाही. गिलावा होईपर्यंत तिच्यावर ताडपत्री आणि जूनच्या आत सिमेंटचा गिलावा, हे मागणं लेखी असू द्या.

धुळीसाठी: हद्दीवर हिरवी जाळी, दिवसातून तीन वेळा पाणी मारणं, वाळू आणि राडारोडा झाकणं, वरून मलबा न फेकता पोत्यांतून उतरवणं, फरशी कापताना पाणी लावणं. बांधकामाच्या जागी पाणी मारणं, माती-वाळू झाकणं, उघड्यावर घासकाम-कटिंग न करणं या गोष्टी २०१८ साली केंद्राच्या पर्यावरण नियमांतही आल्या आहेत. घरातला धुळीचा त्रास दाखवायचा असेल तर कूलरच्या गवताचा फोटो घ्या. आमचा कूलर त्या बाजूच्या खिडकीत होता. आठ दिवसांत गवत मातीने लिंपल्यासारखं झालं आणि सासूबाईंचा दमा उठला. त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवरची तारीख मी वहीत लिहिली. बिबड्या आणि कुरडयांची वाळवणं गच्चीवर होती म्हणून मलबा उतरवायची वेळ दुपारनंतरची मागितली. ती लगेच मान्य झाली, कारण त्यांच्याही घरात वाळवणं होतीच.

५. पत्र

एक पान पुरे. शेजाऱ्याला घरमालक म्हणून लिहा, कंत्राटदाराला नव्हे. कंत्राटदार काम संपलं की जातो, शेजारी राहतो. कायद्याची कलमं पहिल्या पत्रात नकोत. मी दिलेलं पत्र असं होतं:

> श्री. आप्पासाहेब यांस,
> स. न. वि. वि.
>
> आपल्या नवीन घराचं काम सुरू झालं याचा आम्हाला आनंद आहे. कामाच्या संदर्भात एक अडचण लक्षात आणून देते.
>
> आपल्या जागेत आमच्या पूर्वेच्या भिंतीपासून सुमारे अडीच फुटांवर नऊ फूट खोल खड्डे घेतले आहेत. आमच्या घराचा पाया चार फुटांवर आहे. माजघराच्या भिंतीतला तिरका तडा ११ एप्रिलला १ मि.मी. होता, २० एप्रिलला २.५ मि.मी. झाला आहे. १७ एप्रिलपासून त्या खोलीचं दार अडकतं. ओसरीतले दोन तडे जुने आहेत, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. ब्रेकर भिंतीजवळ चालतो तेव्हा घरात हादरे जाणवतात, त्याच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. धुळीमुळे सासूबाईंना दम्याचा त्रास होतो आहे.
>
> विनंती अशी:
> १. भिंतीलगतचा तिसरा खड्डा उघडण्याआधी आपल्या इंजिनिअरसाहेबांनी आमच्या घरात येऊन भिंत पाहावी.
> २. तोवर भिंतीलगतची खोदाई आणि ब्रेकर थांबवावा. बाकीचं काम चालू राहायला आमची हरकत नाही.
> ३. खड्ड्यांना फळ्या-बल्ल्यांचा आधार द्यावा, एक सोडून एक खड्डा घ्यावा, पावसाआधी भराव करावा.
> ४. उघड्या भिंतीवर ताडपत्री, हद्दीवर जाळी आणि दिवसातून तीन वेळा पाणी मारावं.
>
> भेटीसाठी २२ किंवा २३ एप्रिल, सकाळी ८ ते १० आम्ही घरी आहोत. दुसरी वेळ सोयीची असल्यास कळवावी.
>
> सोबत: फोटो ६, तड्यांची नोंद, हादऱ्यांच्या वेळा.
>
> आपली,
> (नाव, घर क्रमांक, मोबाइल)

"बाकीचं काम चालू राहायला हरकत नाही" हे वाक्य जरूर ठेवा. त्यांनी कर्ज काढलेलं असतं, मजूर बसवून ठेवले तर रोजचा खर्च अंगावर येतो. सगळं काम थांबवा म्हटलं की पत्र बाजूला पडतं.

पत्र स्वतः नेऊन द्या, चहा घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" लिहून सही-तारीख घ्या. सहीला संकोच वाटत असेल तर घरी आल्यावर त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत लिहा: "आप्पा, आत्ता दिलेलं पत्र." घ्यायलाच नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा.

६. जागेवरची भेट

ठेकेदाराचा मुकादम आला आणि "बघून घेतो" म्हणाला, ही भेट नव्हे. इंजिनिअर हवा, शक्यतो ज्याने कॉलम-पायाचं डिझाइन केलं तो. आपल्या बाजूनेही एखादा ओळखीचा इंजिनिअर किंवा जुनाजाणता गवंडी बसवा. भेट आपल्या घरातून सुरू करा: आधी वही, मग तडा, मग अडकणारं दार, आणि त्यानंतर खड्ड्याकडे चला. उलट क्रमाने गेलात तर उन्हात खड्ड्याच्या काठावरच बोलणं संपतं आणि घर बघायचं राहतं.

इंजिनिअरला तीन गोष्टी विचारा. आमच्या पायाच्या तळाखाली किती जाणार? उघडा खड्डा किती दिवस राहणार? पाऊस आला तर पाणी कसं काढणार? तिसरा प्रश्न आपल्या मातीत सगळ्यांत महत्त्वाचा. खड्ड्यात पाणी साचलं की बाजूची काळी माती लोण्यासारखी होते आणि कोरड्यात टिकलेली कड रात्रीत ढासळते. वळवाचा पाऊस मे मध्येही येतो, म्हणून पाणी उपसायचा पंप जागेवर असायला हवा.

आमच्याकडे इंजिनिअरने खड्डा बघताच आधार लावायला सांगितलं. तिसरा खड्डा त्यांनी आठ दिवस पुढे ढकलला, पहिल्या दोन खड्ड्यांत काँक्रीट करून मुरमाचा भराव थर-थर ठोकून घेतला. माजघरातल्या तुळईखाली दोन लाकडी टेके दिले. जे ठरलं ते तिथेच वहीत चार ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तडा बुजवायची मात्र घाई करू नका. कंत्राटदार लगेच सिमेंट भरून रंग मारायला तयार असतो, पण भिंत स्थिर होण्याआधी बुजवला तर नोंदही जाते आणि तडा पुन्हा उघडतो. निदान एक पावसाळा जाऊ द्या.

७. ऐकलंच नाही तर

आठवडाभरात उत्तर नाही आणि खोदाई चालूच आहे, तर नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या नगररचना विभागात लेखी अर्ज द्या. पहिल्या पत्राची पोच, फोटो आणि नोंद जोडा, आवक क्रमांक घ्या. मंजूर नकाशात तळघर आहे की नाही हे बघायचं असेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून प्रत मागता येते, पण त्याला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून खोदाई थांबवण्यासाठी त्यावर विसंबू नका.

वकिलाकडे जायची वेळ आली तर घराच्या वयाचा जुना कागद सोबत न्या. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात मोकळ्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क नैसर्गिक मानला आहे. पण जमिनीवर घराचा भार असेल, तर तो आधार वीस वर्षं निर्वेध मिळालेला आहे हे दाखवावं लागतं. घरपट्टीच्या जुन्या पावत्या इथे उपयोगी पडतात. मनाई हुकूमही वकिलामार्फत न्यायालयातच मागता येतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र पत्र, अर्ज, भेट यातलं काहीही करत बसू नका. काचपट्ट्या एकाच दिवशी तडकल्या, तडा तासातासाला रुंदावतो आहे, तुळईच्या टोकाखालून माती गळते, भिंतीतून कडकड आवाज येतो, किंवा ओळंबा एका दिवसात बोटभर सरकला, तर त्या बाजूच्या खोलीतून माणसं बाहेर काढा, गॅस सिलिंडर बंद करून बाहेर न्या, मेन स्विच पाडा, खड्ड्यातल्या मजुरांना हाक मारून वर घ्या, आणि ११२ ला फोन करा.

आमच्या वहीतली त-३ ची पुढची नोंद अशी आहे: २९ एप्रिल, अडीच. १५ मे, अडीच. ३० जून, दोन चांगले पाऊस झाल्यावर, अडीच. दार सुताराने खालून दोन सूत रंधून दिलं. तडा अजून बुजवलेला नाही, दिवाळीत रंग द्यायच्या आधी आप्पांचा गवंडी येणार आहे.